‘तो मी नव्हेच’चे बटण दाबण्याआधी

१९ मार्च २०१६, शनिवार. अमेरिकेत हिलरी क्लिंटन यांच्या निवडणूक प्रचाराचे प्रमुख जॉन पोडेस्टा यांच्या जीमेलवर एक इशारा येऊन पडला. कुणीतरी तुमचा पासवर्ड वापरून खात्यात शिरायचा प्रयत्न केला, ठिकाण युक्रेन, गुगलने तो प्रयत्न अडवला, आता ताबडतोब पासवर्ड बदला, असा त्याचा मजकूर. सोबत आयपी ॲड्रेस दिलेला, वेळ सेकंदासकट दिलेली. खाली निळे बटण: CHANGE PASSWORD.

ते बटण दाबले गेले. उघडलेल्या पानावर पासवर्ड टाकला गेला आणि तो थेट रशियाच्या लष्करी गुप्तहेरांच्या हाती पडला. पन्नास हजारांहून अधिक मेल चोरीला गेले आणि ऑक्टोबरपासून विकिलीक्सवर हप्त्याहप्त्याने प्रसिद्ध होऊ लागले. २०१८ साली अमेरिकेने या प्रकरणात रशियाच्या १२ लष्करी हेरांवर आरोपपत्र ठेवले.

असाच मेल आज सांगलीतल्या शिक्षकाला येतो, ठाण्यातल्या गृहिणीलाही येतो. ‘अनोळखी डिव्हाइसवरून लॉगिन’ असे त्यात लिहिलेले असते आणि ‘हा मी नव्हतो’ असे बटणही असते. पंचाईत अशी की हुबेहूब असाच मेल गुगल, मायक्रोसॉफ्ट, इन्स्टाग्राम या कंपन्या खरोखरच पाठवतात. त्यामुळे ‘असले मेल खोटेच असतात’ म्हणून सरसकट केराच्या टोपलीत टाकण्याचीही सोय नाही.

खरा मेल कशामुळे येतो? एकदा लॉगिन केले की वेबसाइट त्या ब्राउझरमध्ये कुकी नावाची छोटी खूण ठेवून जाते. पुढच्या वेळी ती खूण सापडली नाही, तर डिव्हाइस अनोळखी ठरते. म्हणजे नवा फोन घेतला, ब्राउझरमधला जुना डेटा साफ केला किंवा इन्कॉग्निटो खिडकीतून लॉगिन केले, तरी आपल्याच घरातून आपल्यालाच इशारा येऊ शकतो. मेलमधले गावाचे नाव तर अंदाजपंचेच असते. ते आयपी ॲड्रेसवरून काढतात, आणि मोबाइल कंपनीचे इंटरनेट अनेकदा भलत्याच शहरातून बाहेर पडते. सांगलीत बसलेल्या माणसाच्या मेलमध्ये मुंबई किंवा दिल्ली दिसली, तर एवढ्यावरून चोर शिरला असे होत नाही. काल रात्री मुलीने नव्या टॅबवर आपले खाते उघडले होते का, हे आधी घरात विचारून घ्यावे.

आता पोडेस्टा यांच्या मेलमधल्या बटणामागे काय होते ते पाहू. तिथे एक आखूड केलेली लिंक होती. ती उलगडल्यावर पत्ता निघाला तो असा:

```
myaccount.google.com-securitysettingpage.tk
```

घाईत वाचणाऱ्याची नजर myaccount.google.com इथपर्यंत जाते आणि समाधान पावते. पण वेबसाइटचा पत्ता पोस्टाच्या पत्त्यासारखा वाचावा लागतो: घर, गल्ली ही आधी आणि गाव शेवटी. https:// नंतर जी पहिली तिरकी रेघ येते, तिच्या लगेच डावीकडे खरा मालक असतो. इथे शेवटी .tk आहे, म्हणजे प्रशांत महासागरातल्या टोकेलाऊ या चिमुकल्या बेटसमूहाचे डोमेन. त्या काळी ते फुकटात मिळे. com नंतर टिंब नाही, जोडरेघ आहे. त्यामुळे मालक ठरतो com-securitysettingpage.tk, आणि आधीचे google हे नुसते दारावर लावलेल्या पाटीइतकेच. संगणकावर बटणावर माउस नेऊन ठेवला, की खालच्या कोपऱ्यात खरा पत्ता दिसतो. फोनवर बटण दाबून धरावे लागते, आणि छोट्या पडद्यावर लांबलचक पत्त्याचे शेपूट बरेचदा दिसतच नाही.

मग मेल कुणाकडून आला ते पाहून निवाडा करावा का? गुगलचे खरे इशारे no-reply@accounts.google.com या पत्त्यावरून येतात. पण एप्रिल २०२५ मध्ये एक मासलेवाईक प्रकार उघडकीस आला. भामट्यांनी गुगलच्याच यंत्रणेकडून स्वतःच्या मजकुराचा मेल तयार करून घेतला आणि तो जसाच्या तसा इतरांना पुढे पाठवला. पाठवणारा म्हणून तोच खरा पत्ता दिसत होता, डिजिटल सहीसुद्धा गुगलचीच होती. खोटे होते ते फक्त लिंकमागचे पान. पाठवणाऱ्याचा पत्ता चुकीचा असेल तर मेल नक्की खोटा, पण पत्ता बरोबर आहे म्हणून मेल खरा असे मात्र म्हणता येत नाही.

म्हणून मेल पारखत बसण्यापेक्षा तो बाजूला ठेवलेला बरा. ब्राउझरमध्ये स्वतः myaccount.google.com टाइप करावे आणि ‘सुरक्षा’ या भागात जावे. गेल्या २८ दिवसांतल्या सुरक्षेसंबंधीच्या घडामोडी तिथे दिसतात, आणि आपले खाते कोणकोणत्या डिव्हाइसवर उघडे आहे तेही. इन्स्टाग्रामच्या सेटिंगमध्ये तर कंपनीने आपल्याला अलीकडे पाठवलेल्या मेलची यादीच असते. आलेला मेल त्या यादीत नसेल, तर तो इन्स्टाग्रामचा नाही असेच धरून चालावे.

घडामोडींत त्या वेळेची नोंद दिसली आणि ते लॉगिन आपले नसेल, तर तिथूनच पासवर्ड बदलावा आणि अनोळखी डिव्हाइस बाहेर काढावे. एवढ्यावर थांबू नये. चोर जाता जाता खात्याला स्वतःचा रिकव्हरी नंबर जोडून जातो, किंवा जीमेलमध्ये प्रत्येक मेलची प्रत त्याला जाईल असे फॉरवर्डिंग लावून ठेवतो. पासवर्ड बदलला तरी ही मागची दारे उघडीच राहतात, म्हणून तीही तपासावीत.

मेलमधली लिंक खरोखर उपयोगी पडते असा एक प्रसंग आहे. चोराने इन्स्टाग्राम खात्याचा ईमेलच बदलून टाकला, तर मालकाला ॲपमध्ये शिरताच येत नाही. अशा वेळी जुन्या ईमेलवर security@mail.instagram.com कडून एक मेल येतो आणि त्यातल्या लिंकने तो बदल मागे घेता येतो. तेव्हाही लिंकचा शेवट instagram.com वरच होतो ना, हे वरच्या रीतीने वाचून मगच पुढे जावे.

आणि बटण दाबून झाले असेल तर? पान नुसते उघडल्याने सहसा काही बिघडत नाही. घात होतो तो त्या पानावर पासवर्ड किंवा ओटीपी टाकल्यावर. टाकला असेल, तर त्याच मिनिटाला खऱ्या साइटवर जाऊन पासवर्ड बदलावा. तोच पासवर्ड आणखी कुठे वापरला असेल, तर तिथलाही. पैसे गेले असतील, तर १९३० हा सायबर हेल्पलाइन क्रमांक लावावा.

पोडेस्टा यांच्या कार्यालयाने तर त्या मेलबद्दल संगणक विभागाला विचारलेही होते. ‘मेल खरा आहे, पासवर्ड ताबडतोब बदला,’ असे उत्तर आले. ‘खोटा’ लिहायचे होते, टाइप करताना चूक झाली, असा खुलासा ते लिहिणाऱ्याने नंतर केला. पण त्याच उत्तरात गुगलच्या पासवर्ड बदलण्याच्या पानाचा खरा पत्ताही दिलेला होता. त्या एका चुकीच्या शब्दानंतरसुद्धा तो पत्ता वापरला असता, तर खाते वाचले असते. दाबले गेले ते मूळ मेलमधलेच बटण.