भाकरीच्या तव्यावरचा नान

सोलापूरच्या घरात तवा म्हटला की आधी आठवतो तो भाकरीचा. लोखंडाचा, जाड, जरासा खोलगट, वर्षानुवर्षांच्या आचेने काळा पडलेला. मालदांडी ज्वारीच्या या जिल्ह्यात, मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालेल्या या मुलखात, रोजच्या जेवणाचे केंद्र भाकरी आहे. नान मात्र इथे हॉटेलात खायची गोष्ट. घरी करायचा विचार आला की पहिला प्रश्न येतो तो तंदूरचा, आणि विचार तिथेच थांबतो. खरे तर दह्यात भिजवलेला मऊ, फोड आलेला, तपकिरी डागांचा नान घरी करायला जे लागते, त्यातले निम्मे सोलापूरच्या स्वयंपाकघरात आधीपासून आहे. तो भाकरीचा तवाच आहे.

महाराष्ट्रात नानचे जुने घर म्हणजे छत्रपती संभाजीनगर, पूर्वीचे औरंगाबाद. तिथला नान-खलिया प्रसिद्ध आहे. मुहम्मद तुघलकाने 1327 मध्ये राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हा लष्करासोबत हा पदार्थ आला असे तिकडे सांगतात. तो नान तंदूरमध्येच भाजला जातो. तंदूरची मातीची भिंत 400 अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेली असते. ओल्या बाजूने नान भिंतीला चिकटतो आणि त्याची दुसरी बाजू थेट निखाऱ्यांकडे असते. खालून भिंत भाजते, वरून धग भाजते, आणि दीड-दोन मिनिटांत काम संपते. घरी नान करायचा तर हीच दोन कामे करून घ्यायची आहेत: एक बाजू गरम पृष्ठभागाला घट्ट धरून ठेवायची आणि दुसरी उघड्या आचेसमोर आणायची.

आधी पीठ. 250 ग्रॅम मैदा, 100 ग्रॅम दही, पाव चमचा सपाट खाण्याचा सोडा, अर्धा चमचा मीठ, एक चमचा साखर, एक मोठा चमचा तेल, आणि लागेल तसे 60 ते 70 मिलिलिटर कोमट पाणी. एवढ्यात मध्यम आकाराचे सहा नान होतात. ही कुलच्याची रीत आहे. यात यीस्ट नाही. यीस्टचा नान वेगळा असतो, त्याला वेळ आणि ऊब दोन्ही जास्त लागतात. इथे फुगवण्याचे सगळे काम दही आणि सोडा यांच्या भेटीवर आहे.

म्हणून दही आंबट हवे. सोड्याला आम्ल मिळाले की त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो, आणि दह्यातले लॅक्टिक आम्ल हे काम करते. बेताने आंबट झालेल्या 100 ग्रॅम दह्यात साधारण एक ग्रॅमभर आम्ल असते, आणि जवळपास तेवढाच सोडा ते संपवू शकते. पाव चमचा सपाट सोडा म्हणजे साधारण एक ग्रॅम. हिशेब बरोबर बसतो, पण काठावर. दही गोड, ताजे, पाकिटातून नुकतेच काढलेले असेल, तर त्यात आम्ल कमी पडते आणि काही सोडा पिठात तसाच उरतो. तो तव्यावर तापला की पीठ पिवळट होते आणि नानला साबणासारखी चव येते. ‘सोडा जास्त झाला’ असे आपण म्हणतो. बहुतेक वेळा सोडा बरोबरच असतो, दही कमी आंबट असते. ताजेच दही हाताशी असेल तर सोडा चिमूटभर करावा आणि अर्धा चमचा बेकिंग पावडर घालावी, कारण तिच्यात आम्ल आधीच मिसळलेले असते. दह्यावर सुटलेले पाणी मात्र ओतून देऊ नये. तेही आंबट असते, ते पाण्याऐवजी पीठ भिजवायला घ्यावे.

सोलापुरात दह्याचा स्वभाव ऋतूप्रमाणे बदलतो. एप्रिल-मेमध्ये पारा 40 अंशांच्या वर असतो. रात्री विरजण लावलेले दही सकाळी नीट लागते आणि दुपारपर्यंत आंबते. ते त्या दिवशीच्या नानला उत्तम. डिसेंबरात तेच दही दुसऱ्या दिवशी जाऊन हव्या त्या आंबटपणाला येते. चव घेऊन ठरवावे: ताक करायला घेऊ इतपत आंबट असेल तर नानला घ्यावे.

मळताना पीठ पोळीच्या कणकेपेक्षा सैल राहिले पाहिजे, हाताला जरासे चिकटेल इतके. ज्वारीच्या पिठात ग्लुटेन नसते. ते गरम पाण्याने जुळून येते, पण ताणले जात नाही. म्हणून भाकरीत हवा कोंडली जाते ती एकाच जागी, वरच्या पापुद्र्याखाली, आणि भाकरी टम्म फुगते ती वाफेने. मैद्याचे तसे नाही. मळल्यावर त्यात ग्लुटेनचे लवचीक जाळे तयार होते आणि सुटलेला वायू त्या जाळ्यात अनेक लहान पोकळ्यांत अडकतो. पीठ घट्ट असले की या पोकळ्या ताणल्या जात नाहीत आणि नान सपाट राहतो. आठ-दहा मिनिटे मळून, तेलाचा हात लावून, ओल्या फडक्याखाली पीठ ठेवावे: उन्हाळ्यात तासभर, थंडीत दोन तास. हा वेळ मुख्यतः पीठ सैलावण्यासाठी आहे. एक गोळा लाटून पाहावा. लाटणे उचलल्यावर पोळी आक्रसून मागे येत असेल, तर पीठ अजून तयार नाही. जिथे नेले तिथे थांबत असेल, तर तवा तापवायला घ्यावा.

गोळे साधारण 70 ग्रॅमचे, आणि लाटायचे फार पातळ नाही. अर्ध्या सेंटिमीटरला जरा कमी ठेवावे. चपातीएवढे पातळ केले की आतल्या पोकळ्या दाबल्या जातात आणि नान पापडासारखा कडक होतो. लाटून झाल्यावर खालचे कोरडे पीठ झटकून टाकावे.

आता तवा. तो लोखंडाचा किंवा बिडाचाच हवा, आणि त्याला तेल लागलेले नको. भाकरी तेलाशिवाय भाजतात, म्हणून भाकरीचा तवा या कामाला योग्य. डोशाचा, धिरड्याचा, तेल मुरलेला तवा अयोग्य, कारण त्यावरून नान सुटून पडतो. नॉनस्टिकही बाजूला ठेवावा. नान त्यालाही चिकटत नाही, आणि कोरड्या कडक आचेत त्याचा लेप खराब होतो. तवा मोठ्या आचेवर चांगला तापवावा. पाण्याचे चार थेंब टाकून पाहावेत. थेंब जागेवर बसून उकळत राहिला तर तवा अजून थंड आहे. मण्यासारखा गोल होऊन तव्यावर धावू लागला की तवा झाला.

नानच्या एका बाजूला पाण्याचा हात भरपूर फिरवायचा आणि तीच ओली बाजू तव्यावर टाकायची. भाकरी करणाऱ्या हाताला हे पाणी ओळखीचे आहे, फक्त जागा उलटी आहे. भाकरीला पाणी वरच्या बाजूने लावतात, म्हणजे पिठी धुतली जाते आणि कडा फुटत नाहीत. नानला ते खालून लावतात, आणि ते गोंदाचे काम करते. गरम लोखंडावर पडताच ओल्या पृष्ठभागातला स्टार्च शिजून तव्याला पकड घेतो. कडा बोटांनी हलकेच दाबाव्यात. अर्ध्या मिनिटात वर फोड उठू लागतात, आधी कडेला बारीक, मग मधोमध मोठे. आता तवा उलटा करायचा. दांडी असेल तर सोपे. भाकरीच्या बिनदांडीच्या तव्याला सांडशी घट्ट धरावी. ज्योतीपासून चार बोटे अंतर ठेवून तवा हळूहळू फिरवत राहायचे, म्हणजे सगळीकडे धग सारखी लागते.

याच क्षणी तपकिरी डाग पडतात, आणि ते नेमके फोडांच्या माथ्यावरच पडतात. त्याचे कारण सरळ आहे. पिठात ओल आहे तोवर त्या जागेचे तापमान 100 अंशांच्या आसपास अडकून राहते, आणि पीठ तपकिरी व्हायला साधारण 140 अंश लागतात. फोडाचा पापुद्रा पातळ असतो आणि ज्योतीला सर्वांत जवळ असतो. त्यातले पाणी आधी उडते, आणि तोच आधी रंगतो. फोडांमधल्या खोलगट जागा ओल्या राहतात, म्हणून पांढुरक्या आणि मऊ राहतात. म्हणजे फोड आले नाहीत तर डागही येत नाहीत. मग रंगासाठी आच वाढवली की नान सगळीकडून सारखा कोरडा होतो. दह्याचे दुसरे काम इथे दिसते. त्यातली दुधाची साखर आणि प्रथिने मिळून हा रंग आणि भाजल्याचा वास लवकर आणतात. नुसत्या पाण्यात भिजवलेल्या मैद्यावर तो इतक्या थोड्या वेळात येत नाही.

उलट्या तव्यावर अर्धा ते पाऊण मिनिट पुरते. तवा सरळ करून उलथन्याने कड उचलून पाहावी. खालची बाजू कोरडी, सोनेरी झाली असेल तर नान आपोआप सुटतो. ओढून काढावा लागत असेल तर आणखी काही सेकंद सरळ आचेवर ठेवावा. उलटा करताना नान पडलाच, तर कारण तीनपैकी एक असते: पाणी कमी लागले, खाली कोरडे पीठ राहिले, किंवा तव्याला तेल होते. आणि वर डाग काळे पडूनही आत कच्चे लागत असेल, तर तवा ज्योतीच्या फार जवळ होता. अंतर वाढवावे, आच कमी करू नये.

इंडक्शन शेगडीवर ही रीत चालत नाही, कारण तिथे ज्योतच नाही. तिथे नान तव्यावर टाकून झाकण ठेवावे, फोड आले की उलटवावा. तो मऊ होतो, पण डाग दोन्ही बाजूंना थोडे-थोडे आणि फिकट येतात. तंदूरच्या मातीचा आणि कोळशाचा वास गॅसवरही येत नाही. ती उणीव मान्य करूनच हा नान करावा.

एक मर्यादा मात्र कायम राहते. मैद्याचा नान तव्यावरून उतरल्यावर तूप लावून फडक्यात गुंडाळला, तर वीस मिनिटे चांगला मऊ राहतो. नंतर तो चिवट होतो आणि दुसऱ्या दिवशी खाण्यात अर्थ उरत नाही. प्रवासाला, शेतावर, चार दिवस टिकवून खायला सोलापूरची कडक भाकरीच घ्यावी. नान करायचा तो जेवणारे ताटावर बसल्यावर, एकेक, गरम.