निरोपाच्या ग्रुप फोटोखाली काय लिहायचं? आठवण यावी, पण श्रद्धांजली वाटू नये

फेब्रुवारी लागला की तालुक्याच्या कॉलेजांत निरोप समारंभ सुरू होतात. आधी बारावीचे, मग परीक्षेच्या तोंडावर पदवीच्या शेवटच्या वर्षाचे. मुलांचे कडक इस्त्रीचे शर्ट, मुलींच्या आई नाहीतर वहिनीकडून मागून आणलेल्या साड्या, मधल्या खुर्चीवर प्राचार्य, आणि मागच्या रांगेत दिसत नाही म्हणून बाकावर चढलेला एखादा. फोटो पाच मिनिटांत निघतो. तो मोबाईलवर आला की खरी अडचण सुरू होते. स्टेटसला, इन्स्टाग्रामला टाकायचा, पण खाली लिहायचं काय?

बहुतेक जण इथं एक चूक करतात. मनात भरून आलेलं असतं, म्हणून मोठे शब्द शोधले जातात. 'भावपूर्ण', 'अश्रू अनावर', 'आठवणी सदैव सोबत', 'पुन्हा होणे नाही'. हे शब्द वाईट नाहीत, पण आपल्या गावात ते दुसऱ्याच कामाला लागलेले आहेत. चौकात दहाव्याचा फ्लेक्स लागतो त्याच्यावर हेच शब्द असतात. पुण्यस्मरणाच्या जाहिरातीत हेच असतात. त्यात शेवटी दोन जोडलेल्या हातांची खूण टाकली, तर गावच्या ग्रुपवर फोटो नीट न बघताच दोन-चार जण खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकून मोकळे होतात. हसण्यासारखं आहे, पण ज्याच्या फोटोखाली होतं त्याला विचारा.

म्हणून पहिलं काम सोपं आहे. लिहिलेली ओळ एकदा मोठ्यानं वाचायची आणि ती निधनाच्या बातमीखाली शोभेल का, हे बघायचं. शोभत असेल तर खोडायची. दुसरी परीक्षा त्याहून कडक आहे. तीच ओळ शेजारच्या तालुक्यातल्या कॉलेजच्या फोटोखाली लावून बघायची. तिथंही फिट बसली, तर तुमच्या वर्गाबद्दल तिच्यात काहीच नाही. नेटवरून उचललेल्या चारोळ्या इथंच मार खातात. त्या कुठल्याही वर्गाच्या असतात, म्हणून कुणाच्याच नसतात.

आता एक वर्ग धरून चालू. समजा, तालुक्याच्या गावातलं एक कॉलेज, कला शाखेचं तिसरं वर्ष, पटावर 41 विद्यार्थी. निम्म्याहून जास्त आसपासच्या खेड्यांतून एसटीनं येणारे. ओळ लिहायची जबाबदारी वर्ग प्रतिनिधीवर आली. त्यानं पहिल्यांदा लिहिलं :

'आयुष्याच्या वाटेवर सारे पांगणार, हे सोनेरी दिवस आता पुन्हा न येणार, डोळ्यांत पाणी अन् ओठांवर हसू...'

यमक जुळलं, पण वर्ग कुठंच दिसला नाही. एसटी नाही, बाक नाही, कुणाची सवय नाही. आणि आयुष्य, वाट, पांगणं असे तीन जड दगड एकाच ओळीत. वाचणारा 'छान' म्हणून बोट पुढं सरकवणार.

मग मित्रांनी सांगितलं, जरा मजेशीर कर. दुसऱ्या वेळी त्यानं लिहिलं :

'कॉपी न करता पास झालो तर भेटू, नाहीतर पुढच्या वर्षी याच बाकावर!'

हे हलकं झालं खरं, पण टोचणारं झालं. वर्गात दोघा-तिघांचे विषय राहिलेले असतातच. बाकीचे हसणार आणि ते दोघे-तिघे फोटोतून आपला चेहरा शोधणार. शिवाय हा फोटो घरचे बघणार, सर बघणार, उद्या कुणाच्या नोकरीच्या ठिकाणचे बघणार. कॉपीचा विनोद तिथं विनोद राहत नाही. मुलींच्या बाबतीत 'आता अक्षता टाकायला बोलवा' हाही असाच. ज्या मुलीचं घरात त्याच विषयावरून भांडण चालू आहे, शिकू द्या म्हणून जी अडून बसली आहे, तिच्या अंगावर तो विनोद जाऊन पडतो. चेष्टा करायचीच तर ती सगळ्या वर्गावर यावी. लिहिणाऱ्यावर आधी आली तर आणखी बरं.

मग करायचं काय? डोळे मिटून एकच प्रश्न विचारायचा : तीन वर्षांत रोज काय व्हायचं? मोठे प्रसंग सोडा. गॅदरिंग, सहल, क्रीडा महोत्सव सगळ्याच कॉलेजांत असतात. रोजची बारीक गोष्ट शोधायची. पंख्याखालचा बाक पकडण्यासाठीची पळापळ, कँटीनमध्ये एक वडापाव तिघांत, हजेरी घेताना दुसऱ्याच्या नावाला दिलेला आवाज. या वर्गाची रोजची गोष्ट म्हणजे पहिल्या तासाला होणारा उशीर आणि त्याचं ठरलेलं कारण. सर विचारायचे, 'का रे उशीर?' उत्तर एकच : 'सर, एसटी.' आणि फोटोच्या दिवशी त्याच एसटीनं येऊन सगळे वेळेच्या आधी पोहोचले होते, कारण ती कॉलेजसमोर वेळेवरच यायची. उशीर स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर व्हायचा.

म्हणून त्यानं तिसऱ्या वेळी असं लिहिलं :

'तीन वर्षं उशीर झाला की एसटीचं नाव सांगितलं. आज एसटी तीच, आणि सगळे पंधरा मिनिटं आधी हजर.'

या ओळीत आठवण, दुःख, अश्रू यातला एकही शब्द नाही. तरी ज्यानं तो चहा प्यायला आहे, त्याला वाचताना गलबलल्यासारखं होणार. कारण आज सगळे लवकर का आले, हे ओळ सांगत नाही. ते वाचणाऱ्यानं स्वतः ओळखायचं आहे. भावना लिहून दिली की ती लिहिणाऱ्याची राहते. वाचणाऱ्याला सापडली की त्याची होते. आणि थट्टा आपल्याच खोटेपणावर असल्यामुळं सरही हसतात, बहुतेक त्यांना आधीपासून माहीत असतं.

इथं ओळ झाली असं वाटतं, पण तिच्यात एक चूक आहे. 'सगळे' हा शब्द खोटा आहे.

पटावर 41 जण, फोटोत 40. रोल नंबर 27 नाही. त्याचे आईवडील ऊसतोडीला जातात, घरात एक कोयता कमी पडला म्हणून यंदा तोही दिवाळीनंतर त्यांच्याबरोबर गेला. हंगाम मार्चपर्यंत चालतो, तो परीक्षेपुरता येणार आहे. निरोप समारंभ नेमका हंगामात येतो, त्यामुळं अशा भागातल्या प्रत्येक वर्गात असा कुणी ना कुणी असतो. कुणी ऊसतोडीला, कुणी बापाच्या आजारपणात शेतावर, कुणाचं वर्षाच्या मध्येच लग्न झालेलं. हा मुलगा रात्री कोपीत बसून मोबाईलवर फोटो बघणार. खाली 'सगळे हजर', 'अख्खी बॅच एका फ्रेममध्ये' असं लिहिलेलं असेल, तर आपण वर्गातून वजा झालो, एवढंच त्याला कळणार. कुणी मुद्दाम केलेलं नसतं, पण लागायचं ते लागतंच.

उलट टोकही टाळायला हवं. 'परिस्थितीशी झुंजणारा आमचा मित्र आज आमच्यात नाही' असं लिहिलं की एक तर तो मेल्यासारखा वाटतो, दुसरं म्हणजे त्याची गरिबी चारशे लोकांसमोर मांडली जाते. त्याला ते नको असू शकतं. म्हणून टाकायच्या आधी त्याला फोन लावून ओळ वाचून दाखवायची आणि चालेल का विचारायचं. तेवढ्या एका फोनमुळंही पुष्कळ फरक पडतो. ओळ अशी झाली :

'तीन वर्षं उशीर झाला की एसटीचं नाव सांगितलं. आज एसटी तीच, आणि 40 जण पंधरा मिनिटं आधी हजर. रोल नंबर 27 तेवढा यायचाय.'

कुठं आहे, का आला नाही, काही नाही. नेहमीसारखा उशीर झालाय, एवढंच. वर्गाला कळतं, त्यालाही कळतं, बाहेरच्यांना कळायची गरज नाही. परीक्षेला तो आला की त्याच जागी दुसरा फोटो काढता येतो, मग त्यात प्राचार्य नसले तरी चालेल.

वर्गातला कुणी खरंच वारला असेल तर मात्र ही युक्ती वापरू नये. त्याचं नाव शेवटी वेगळ्या ओळीत, विशेषण न लावता लिहावं, आणि घरच्यांना आधी सांगावं. गंमतीच्या ओळीत त्याला ओढू नये.

आता राहिला लांबीचा प्रश्न. इन्स्टाग्रामवर फोटोखाली 2,200 अक्षरांपर्यंत लिहिता येतं, पण उघडल्याबरोबर सुरुवातीची ओळ-दोन ओळीच दिसतात, बाकीचं दाबल्यावर. म्हणून मुख्य ओळ सगळ्यात वर. 'आज आमच्या महाविद्यालयात निरोप समारंभ मोठ्या उत्साहात संपन्न झाला' ही बातमीची ओळ वर घातली तर लोकांना तेवढीच दिसते. कॉलेज, वर्ग, साल हे खाली.

त्याखाली नावं लिहावीत. जुन्या ग्रुप फोटोंच्या पुठ्ठ्यावर 'खुर्चीवर बसलेले', 'उभे पहिली रांग' असं छापलेलं असायचं. म्हणून आजोबांच्या शाळेच्या फोटोतला माणूस आजही ओळखता येतो. मोबाईलमधले फोटो हजारो आहेत, पण वीस वर्षांनी तिसऱ्या रांगेतला चौकटीच्या शर्टवाला कोण, हे सांगणारं काही नसतं. टॅगवर भागत नाही, कारण एका फोटोत जास्तीत जास्त 20 जणांना टॅग करता येतं. 40 मधले 20 निवडले की उरलेले 20 रुसले. नुसती नावं लिहिली तर एका नावाला साधारण 15 अक्षरं धरली तरी 41 नावं सहा-साडेसहाशे अक्षरांत बसतात. कुणाला आडनाव नको असेल, खास करून मुलींपैकी, तर पहिलंच नाव लिहावं. मोबाईल नंबर कुणाचाच टाकू नये. व्हॉट्सॲप स्टेटस 24 तासांत जातं, त्यामुळं नावांसकटचा मजकूर वर्गाच्या ग्रुपवरही टाकून ठेवावा.

नावं 'डावीकडून' लिहायची, म्हणजे फोटो बघणाऱ्याच्या डावीकडून, उभ्या असलेल्यांच्या नव्हे. यात एक फसगत होते. पुढच्या कॅमेऱ्यानं सेल्फी काढली तर काही मोबाईल ती आरशासारखी उलटी साठवतात. ओळखायची खूण सोपी : मागच्या कॉलेजच्या पाटीवरची अक्षरं बघा. ती उलटी दिसत असतील तर फोटो सरळ करून घ्या आणि मगच नावं लिहायला बसा.