‘ग्यान’ म्हणा, लिहा मात्र ‘ज्ञान’

हिंदी भाषक ‘ग्यान’ म्हणतो, मराठी माणूस ‘द्न्यान’. लिहिताना मात्र दोघेही ‘ज्ञान’च लिहितात, कारण हे जोडाक्षर ज् आणि ञ यांचे आहे, त्यात ना ग आहे, ना द. संस्कृतातला हा उच्चार प्रांतोप्रांती बदलला, अक्षर तसेच राहिले.

कानावर विसंबले की घोटाळा होतो. ‘आज्ञा’ म्हणजे हुकूम. हिंदी वळणाने कोणी ‘आग्या’ लिहिले, तर मराठी वाचकाला आधी आठवते ते आग्या मोहोळ! भाग्य, योग्य, आरोग्य यांत मात्र खरोखरच ग् आणि य आहेत, तिथे ज्ञ चालत नाही. ‘ग्यानबा’ हे बोलीतले लाडके रूप; त्याला अशुद्ध म्हणणे अरसिकपणाच.

संगणकावर ज, हलन्त आणि ञ या क्रमाने टंकले की ज्ञ उमटतो. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट दाबून 5ची कळ दाबली तरी पुरते.