झिजलेला टायर आणि वाढलेले किलोमीटर

मोटारीतील ओडोमीटर कापलेले अंतर दाखवतो आणि स्पीडोमीटर वेग दाखवतो, असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात या दोघांनाही रस्ता कळत नाही. त्यांना कळतात ते फक्त चाकाचे फेरे. चाकाजवळ किंवा गिअरबॉक्समध्ये बसवलेला संवेदक फेऱ्यांच्या प्रमाणात विद्युत स्पंद पाठवतो. जुन्या गाड्यांत हेच काम फिरणारी केबल करीत असे. एका फेऱ्यात गाडी किती पुढे सरकते, हा आकडा कारखान्यातच ठरवून दिलेला असतो. पुढे टायर झिजत जातो, पण तो आकडा तसाच राहतो.

याचा परिणाम किती होतो ते एका उदाहरणाने पाहू या. टायरवर १८५/६५ आर १५ असे लिहिले आहे असे समजा. टायरची रुंदी १८५ मि.मी. आहे. बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे सुमारे १२० मि.मी. आहे. रिमचा व्यास १५ इंच, म्हणजे ३८१ मि.मी. आहे. रिमच्या वर आणि खाली अशा दोन भिंती मिळवल्या की टायरचा व्यास सुमारे ६२१ मि.मी. येतो. त्याला पायने गुणले की परीघ मिळतो १.९५ मीटर. म्हणजे एका किलोमीटरला सुमारे ५१२ फेरे.

नव्या टायरच्या नक्षीची खोली ८ मि.मी. धरू. ती १.६ मि.मी. उरली की टायर बदलावा, असा नियम अनेक देशांत आहे. म्हणजे तोवर ६.४ मि.मी. रबर झिजते. पण व्यास कमी होतो तो याच्या दुपटीने, १२.८ मि.मी.ने, कारण झीज व्यासाच्या दोन्ही टोकांना होते. आता परीघ उरला १.९१ मीटर आणि किलोमीटरला फेरे झाले सुमारे ५२३. ओडोमीटरच्या हिशेबी मात्र ५१२ फेऱ्यांतच किलोमीटर पुरा होतो. त्यामुळे गाडी १०० कि.मी. धावली तर तो सुमारे १०२ दाखवील. स्पीडोमीटर ८० दाखवीत असताना खरा वेग ७८च्या आसपास असेल.

चूक दोन टक्क्यांची, पण ती नेहमी एकाच बाजूला होते. २० लिटर पेट्रोलमध्ये गाडी ३०० कि.मी. धावली आणि ओडोमीटरने ३०६ दाखवले, तर लिटरला १५ऐवजी १५.३ कि.मी. मिळाल्याचा भास होतो. भाड्याच्या गाडीचा मीटर फेऱ्यांवर चालत असेल, तर गुळगुळीत टायरचा भुर्दंड प्रवाशाला पडतो. स्पीडोमीटरची गोष्ट थोडी वेगळी. संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक नियम क्रमांक ३९ प्रमाणे दाखवलेला वेग खऱ्या वेगापेक्षा कधीही कमी असता कामा नये. म्हणून तो मुळातच थोडा जास्त दाखवील असा बसवतात. झीज त्यात आणखी भर घालते, त्यामुळे चूक सुरक्षित बाजूलाच राहते.

मात्र वरचा दोन टक्क्यांचा आकडा ही कमाल मर्यादा समजावी. आपण टायर हे घट्ट वर्तुळ मानले. तसे ते नसते. रेडियल टायरमध्ये नक्षीच्या खाली पोलादी तारांचा पट्टा असतो आणि तो फारसा ताणला जात नाही. चाकाच्या गोल भागात नक्षीचा पृष्ठभाग पट्ट्यापेक्षा मोठ्या वर्तुळावर असतो. रस्त्याला टेकलेला भाग गाडीच्या वजनाने सपाट होतो, आणि तेथे पट्टा व नक्षी यांची लांबी जवळजवळ सारखी होते. म्हणून एका फेऱ्यात कापलेले अंतर मुख्यतः पट्ट्याच्या लांबीवर ठरते. साहजिकच झिजेमुळे ते भूमितीने सांगितले त्यापेक्षा कमी घटते.

किती कमी, हे मोजूनच ठरवावे लागते. सपाट जागेवर गाडी उभी करून टायरच्या सर्वांत खालच्या बिंदूवर आणि त्याखालील जमिनीवर खडूने खूण करावी. गाडी सरळ ढकलून चाकाचे बरोबर दहा फेरे पूर्ण करावेत आणि दोन खुणांमधील अंतर टेपने मोजावे. नव्या टायरला हे अंतर भूमितीप्रमाणे सुमारे साडेएकोणीस मीटर यायला हवे. पूर्ण झिजलेल्या टायरला ते भूमितीप्रमाणे ४० सें.मी.ने कमी यायला हवे. प्रत्यक्षात फरक त्याहून कमी भरेल. दोन्ही वेळी हवेचा दाब आणि गाडीतील वजन सारखेच ठेवावे, नाहीतर त्यांचा परिणाम झिजेच्या नावावर जमा होईल. चाकाच्या मध्यापासून जमिनीपर्यंतची उंची मोजून परीघ काढण्याचा मोह मात्र टाळावा. दबलेल्या टायरची ती उंची फेऱ्याच्या हिशेबाला लागणाऱ्या त्रिज्येपेक्षा कमी असते.