वीस गुंठ्यांत चौकोन किती?

भोर तालुक्याच्या पश्चिमेला डोंगरउतारावर भाताची खाचरं एकाखाली एक उतरत जातात. समजा, तिथला वीस गुंठ्यांचा एक गट आहे, उताराला आडवा, साधारण 81 मीटर लांब आणि 25 मीटर रुंद. त्याची सरासरी उंची, उतार आणि पिकाचा हिरवेपणा काढायचा आहे. क्यूजीआयएसमध्ये गटांच्या हद्दींचा नकाशा आणि त्याखाली उंचीचा रास्टर ठेवायचा, प्रोसेसिंग टूलबॉक्समधून `Zonal statistics` चालवायचं. हद्दीच्या आत पडलेल्या चौकोनांची, म्हणजे पिक्सेलची, सरासरी काढून ते आकडे गटाच्या तक्त्यात नव्या रकान्यात लिहून मिळतात. हेच उतारासाठी आणि एनडीव्हीआयसाठी पुन्हा करायचं. दर वेळी आधीचा निकाल पुढच्या फेरीला द्यायचा आणि रकान्यांना `elev_`, `slope_`, `ndvi_` असे वेगळे उपसर्ग द्यायचे, नाहीतर तीन `_mean` पैकी कुठला कशाचा हे शोधत बसावं लागतं.

इथवर दहा मिनिटांचं काम. मला मात्र सरासरीआधी `count` हा रकाना बघायची सवय लागली आहे. फुकट मिळणाऱ्या उंचीच्या रास्टरचा एक चौकोन सुमारे 30 मीटरचा, म्हणजे 900 चौरस मीटर, जवळजवळ नऊ गुंठे. चौकोनाचा मध्यबिंदू हद्दीच्या आत आला तरच तो धरला जातो. मग आपल्या वीस गुंठ्यांत येतात दोन किंवा तीन चौकोन! एकच आला किंवा एकही नाही आला, तर क्यूजीआयएस चौकोनाचा किती भाग शेतात आहे ते मोजून त्या वजनाने सरासरी काढतं. आकडा मिळतोच, आणि दशांशाखाली सहा अंक घेऊन मिळतो.

उंचीसाठी हे चालून जातं. उताराचं गणित निराळं आहे. `Slope` हे साधन एका चौकोनाचा उतार काढताना भोवतालचे आठ चौकोन बघतं, म्हणजे 90 मीटर गुणिले 90 मीटर, जवळपास दोन एकर. वीस गुंठ्यांच्या गटाला मिळालेल्या उतारात शेजारच्या तीन-चार गटांचा वाटा असतो. समजा आकडा आला दहा अंश. 25 मीटर रुंदीवर दहा अंश म्हणजे वरच्या बांधापासून खालच्या बांधापर्यंत साडेचार मीटरची उतरण. एवढ्या तिरक्या जमिनीत भाताला पाणी उभं कसं राहील? पण ती उतरण तीन-चार ताली घालून पायऱ्यांत वाटलेली असते आणि प्रत्येक खाचर सपाट असतं. 30 मीटरच्या चौकोनाला ती ताल दिसतच नाही. आकडा खोटा नाही; तो डोंगराचा आहे, खाचराचा नाही.

खरा खोटा आकडा दुसरीकडून येतो. उंचीचा रास्टर बहुधा अक्षांश-रेखांशात मिळतो, आडवं अंतर अंशांत आणि उंची मीटरमध्ये. तसाच `Slope` चालवला की सगळा तालुका नव्वद अंशांच्या आसपास, भिंतीसारखा उभा. त्यामुळे आधी रास्टर `EPSG:32643` मध्ये बदलून घ्यायचा, आणि बदलताना `Bilinear` निवडायचं. `Nearest` ठेवलं तर उताराच्या नकाशात पट्टे उमटतात.

एनडीव्हीआयला सेंटिनेल-2 चं चित्र घ्यावं. चौकोन 10 मीटरचा, त्यामुळे त्याच गटात वीसेक चौकोन बसतात. खाचा दोन. 25 जानेवारी 2022 पासून युरोपीय अवकाश संस्था या चित्रांच्या आकड्यांत 1000 मिळवून देते, ते वजा करावे लागतात. लाल पट्ट्यात 1500 आणि अवरक्तात 4000 असेल, तर तसंच सूत्र चालवून 0.45 येतं; हजार वजा केल्यावर 0.71. जोमदार भात निव्वळ वजाबाकी विसरल्याने रोगट ठरतो. रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये सूत्र असं:

```
("B08@1" - "B04@1") / ("B08@1" + "B04@1" - 2000)
```

(काही संकेतस्थळं हे हजार आधीच काढून देतात. तिथे 2000 लिहायचे नाहीत.)

दुसरी खाच बांधाची. कडेच्या चौकोनात अर्धं भात आणि अर्धा बांधावरचा आंबा असतो. `Buffer` मध्ये -5 मीटर देऊन हद्द आत घेतली की आपला गट 15 गुणिले 71 मीटरचा उरतो, त्यात दहा-अकरा चौकोन. -10 दिले तर उरतात जेमतेम तीन, म्हणून अरुंद पट्टीत पाचावर थांबावं.

आणि सरासरीसोबत `St dev` ला खूण करावी. 0.5 ही सरासरी सबंध मध्यम पिकाची असू शकते, किंवा अर्ध्या शेतात 0.8 आणि कापून झालेल्या अर्ध्यात 0.2 अशीही. पहिल्यात विचलन शून्याजवळ राहतं, दुसऱ्यात 0.3 च्या घरात जातं. ढगाची सावली पडली असेल तरी ते असंच फुगतं. तेव्हा चित्र उघडून तो गट डोळ्यांनी बघायचा.