घोड्याचे पिस्तूल आणि स्ट्रायकरचे पिस्तूल

मराठीत ‘घोडा’ हा शब्द बंदुकीच्या संदर्भात बराच भटकलेला आहे. मुळात तो टोपीच्या बंदुकीवर मागे ओढून ठेवायच्या आणि सुटताच टोपीवर आपटणाऱ्या वाकड्या लोखंडी तुकड्याचे नाव होता. पुढे वर्तमानपत्रांनी बोटाने ओढायच्या चापालाही तोच शब्द लावला आणि मुंबईच्या बोलीत तर अख्ख्या पिस्तुलालाच घोडा म्हणू लागले. प्रस्तुत लेखात बोटाने ओढायचा तो ‘चाप’ आणि आपटणारा तो ‘घोडा’ असा जुना भेद पाळला आहे, कारण आधुनिक पिस्तुलांच्या दोन मुख्य घराण्यांमधला फरक नेमका या घोड्याच्या असण्या-नसण्याचा आहे.

दोन्ही घराण्यांना काम एकच करायचे असते. काडतुसाच्या बुडाशी मध्यभागी बसवलेली प्रायमर नावाची धातूची इवलीशी वाटी चेचायची. ९ मिलिमीटर पिस्तुलाच्या काडतुसात या वाटीचा व्यास जेमतेम साडेचार मिलिमीटर असतो. वाटीत आघाताने पेटणाऱ्या स्फोटक मिश्रणाचा पातळ थर असतो आणि त्याला लागून ऐरणीसारखा एक धातूचा तुकडा असतो. वाटीचा तळ बाहेरून आत दाबला गेला की मिश्रण ऐरणीवर भरडले जाऊन पेटते आणि त्याची ज्वाला बारीक छिद्रातून मुख्य दारूपर्यंत पोहोचते. हा दाब हळूहळू देऊन भागत नाही; खोच पुरेशी खोल पडायला हवी आणि ती झटक्यात पडायला हवी. हा झटका देणारी शक्ती दोन्ही प्रकारांत स्प्रिंगमध्येच साठवलेली असते. ती कोठे साठवायची, चाप ओढण्यापूर्वी किती साठवून ठेवायची आणि चाप ओढणाऱ्या बोटाकडून किती घ्यायची, हे तीन प्रश्न एकदा सुटले की चापाचा स्पर्श आणि सुरक्षेची व्यवस्था बऱ्याच अंशी आपोआप ठरून जाते.

जॉन ब्राउनिंग यांनी रचलेले आणि अमेरिकी सैन्याने १९११ साली स्वीकारलेले कोल्ट पिस्तूल हे घोड्याच्या घराण्याचे नमुनेदार उदाहरण होय. त्याच्या मागच्या टोकाला खिळीभोवती फिरणारा घोडा दिसतो आणि मुठीच्या मागच्या भागात त्याची स्प्रिंग असते. घोडा स्वतः प्रायमरला शिवत नाही. तो स्लाइडमध्ये, म्हणजे नळीवर मागे-पुढे सरकणाऱ्या वरच्या भागात, बसवलेल्या फायरिंग पिनच्या शेपटीवर आपटतो. ही पिन तिच्या बोगद्यापेक्षा किंचित आखूड केलेली असते, त्यामुळे घोडा तिच्यावर नुसता टेकला तर तिचे टोक प्रायमरपर्यंत पोहोचत नाही. घोड्याचा तडाखा बसला तरच ती स्वतःच्या वेगाने उरलेले अंतर कापते आणि आपली छोटी स्प्रिंग तिला लगेच मागे खेचते. स्ट्रायकरच्या पिस्तुलात हा मध्यस्थच नाही. तेथे पिन हीच घोडा असते: स्लाइडच्या आतल्या बोगद्यात आपल्या स्प्रिंगसह बसलेला हा लांबट दांडा मागे अडकवून ठेवलेला असतो आणि सुटला की सरळ रेषेत जाऊन प्रायमरवर आदळतो. ही कल्पना नवी नाही. विसाव्या शतकाच्या आरंभीचे प्रसिद्ध जर्मन लुगर पिस्तूल याच जातीचे होते. तिला आजचे रूप आणि लोकप्रियता मात्र गास्टोन ग्लॉक यांच्या, ऑस्ट्रियन सैन्याने १९८२ मध्ये निवडलेल्या, ग्लॉक १७ मुळे मिळाली.

बोटाला जाणवणारा फरक येथूनच सुरू होतो. १९११ च्या पिस्तुलात स्लाइड मागे ओढताच घोडा पूर्ण ताणला जातो, म्हणून चापाला केवळ सिअर, म्हणजे घोड्याला अडवून धरणारा छोटा खटका, सोडवायचा असतो. असा चाप फार कमी अंतर सरकतो आणि काच तुटावी तसा एकदम सुटतो; नेमबाजांना तो प्रिय आहे याचे कारण हेच. बेरेटा ९२ सारख्या, १९८५ मध्ये अमेरिकी सैन्याने घेतलेल्या, पिस्तुलात घोडा खाली ठेवूनही पहिला बार काढता येतो, परंतु तेव्हा घोडा मागे ताणण्याचे सारे काम बोटालाच करावे लागते. त्यासाठी सुमारे पाच किलोचा जोर लागतो, आणि पहिल्या बाराच्या धक्क्याने स्लाइडने घोडा ताणून ठेवला की दुसऱ्या बारापासून हाच जोर निम्म्यावर येतो. एकाच पिस्तुलात दोन वेगळे चाप असल्यासारखे हे होते आणि नवशिक्या शिपायाचा पहिला किंवा दुसरा बार हमखास भरकटतो तो या बदलामुळे.

ग्लॉकने यातून मधली वाट काढली. स्लाइड पुढे येताना स्ट्रायकर अर्धवटच ताणला जातो. उरलेला ताण चाप देतो आणि मग तो सुटतो. म्हणून त्याचा चाप पहिल्या बारापासून शेवटच्या बारापर्यंत सारखाच लागतो, सुमारे साडेबारा मिलिमीटर सरकतो आणि अडीच-तीन किलोच्या आसपास सुटतो. त्याचा स्पर्श काचेचा नव्हे. आधी सैल सरक, मग भिंतीला टेकल्यासारखा अडसर आणि शेवटी किंचित रबरी अशी सुटका. सौंदर्यदृष्टीने १९११ चा चाप श्रेष्ठ आहे याबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही, पण शेकडो शिपायांना थोड्या काडतुसांत शिकवायचे असेल तर सारखेपणा हा सौंदर्यापेक्षा मोठा गुण ठरतो, आणि पोलीसदले ग्लॉककडे वळण्यात या गुणाचा वाटा मोठा होता.

सुरक्षेच्या बाबतीत घोड्याचे पिस्तूल आपली स्थिती लपवत नाही. घोडा ताणलेला आहे की खाली, हे डोळ्यांना दिसते आणि अंधारात अंगठ्याला कळते. पिस्तूल म्यानात घालताना अंगठा घोड्यावर ठेवला तर चापात काही अडकल्यास घोडा हलू लागल्याचे लगेच जाणवते. १९११ मध्ये अंगठ्याने लावायचा खटका सिअरला जखडतो आणि मुठीच्या पाठीवरची पट्टी तळहाताने दाबल्याखेरीज चाप मागे जात नाही. बेरेटाच्या स्लाइडवरची कळ खाली केली की घोडा सुरक्षितपणे खाली येतो आणि फायरिंग पिनचा मागचा तुकडा त्याच्या वाटेतूनच वळवला जातो. ग्लॉकमध्ये बाहेरून लावायची कळ नाही. चापाच्या मध्यभागी एक पातळ पाते आहे, ते बोटाने दाबल्याशिवाय चाप सरकत नाही. स्ट्रायकरच्या वाटेत एक आडवी खुंटी आहे, ती चाप मागे गेल्यावरच उचलली जाते. आणि स्ट्रायकरला धरणारा तुकडा एका कडेवर टेकलेला असल्यामुळे चाप पुरेसा मागे गेल्याखेरीज खाली घसरू शकत नाही. तिन्ही अडसर चाप ओढताच क्रमाने उघडतात आणि सोडताच मिटतात. याचा दुसरा अर्थ असा, की चाप ओढला गेला, मग तो बोटाने असो वा म्यानात शिरलेल्या सदऱ्याच्या टोकाने, तर थांबवणारे काही उरत नाही. ग्लॉक साफ करण्यासाठी उघडतानाही चाप ओढावा लागतो, त्यामुळे चेंबरमध्ये काडतूस राहिले आहे का हे आधी डोळ्यांनी न पाहणाऱ्यांच्या हातून बार उडाले आहेत.

चापातले ते पातळ पाते किरकोळ वाटते, पण त्याचे कारण सिग साउअर कंपनीच्या पी३२० पिस्तुलाच्या प्रकरणात उघड झाले. या पिस्तुलाचा स्ट्रायकर ग्लॉकसारखा अर्धवट नव्हे तर जवळजवळ पूर्ण ताणलेला असतो, त्यामुळे चाप अधिक स्वच्छ लागतो. त्यात असे पातेही नव्हते. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकी सैन्याने त्याचीच आवृत्ती निवडली आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये असे दिसून आले, की पिस्तूल तिरपे होऊन स्लाइडच्या मागच्या कोपऱ्यावर पडले तर बार उडू शकतो. याचे कारण शाळेतल्या जडत्वाच्या नियमात आहे. दीड मीटरवरून पडणारी वस्तू जमिनीला टेकताना सेकंदाला सुमारे ५.४ मीटर वेगाने जात असते. पिस्तुलाचा मागचा भाग जमिनीवर थांबतो, पण चाप त्याच वेगाने मागे जात राहतो. उदाहरणादाखल चाप आणि त्याला जोडलेले भाग मिळून दहा ग्रॅमचे धरले, तर त्यांच्यात सुमारे ०.१५ जूल ऊर्जा उरते; अडीच किलोच्या जोराविरुद्ध चाप सहा मिलिमीटर ओढायलाही साधारण तेवढीच ऊर्जा लागते. म्हणजे पडलेले पिस्तूल आपला चाप आपणच ओढते, आणि स्ट्रायकरच्या वाटेतली खुंटी चापानेच उचलली जात असल्यामुळे तीही या वेळी उपयोगाची राहत नाही. ग्लॉकचे हलके पाते चापाच्या धक्क्याबरोबर स्वतः मागे जात नाही, म्हणून ते चापाला तेथेच अडवते.

कंपनीने उपाय केला तो याच हिशेबाने: चाप, सिअर आणि स्ट्रायकर हलके केले आणि एक जादा यांत्रिक विलगक बसवला. सैन्याच्या चाचण्यांतही दारू व गोळी नसलेले, फक्त प्रायमर लावलेले काडतूस घालून पिस्तूल पाडले असता प्रायमर फुटल्याची नोंद झाली होती आणि तेथेही हलके भाग बसवूनच दोष दूर करण्यात आला. पुढे चाप न ओढता बार उडाल्याचे दावे न्यायालयांत गेले. कंपनी ते नाकारते आणि त्यांची यंत्रणा वरच्या प्रकरणाइतकी स्वच्छ उलगडलेली नाही. घोड्याची पिस्तुलेही जडत्वातून सुटलेली नव्हती, हे येथे नोंदवायला हवे. १९११ चे पिस्तूल तोंडावर पडले तर मोकळी पिन पुढे धावून प्रायमरला टोचण्याची शक्यता असे, आणि १९८३ मध्ये कोल्टने ‘सीरीज ८०’ या आवृत्तीत तिच्या वाटेत चापाने उचलली जाणारी खुंटी बसवली ती यासाठीच. या खुंटीमुळे चाप किंचित खरखरीत झाला, अशी जुन्या नेमबाजांची कुरकुर आजही ऐकू येते. भारतीय सैन्य आणि पोलिसांच्या कमरेला दीर्घकाळ असलेले इशापूरच्या कारखान्याचे ९ मिलिमीटर पिस्तूल ज्या ब्राउनिंग हाय-पॉवरच्या नमुन्यावर बनते, त्याच्याबद्दलही अशीच तक्रार असे, कारण मॅगझिन काढले की चाप निकामी करणारी त्याची योजना चापाला मॅगझिनवर घासत नेते.

प्रायमर पेटलाच नाही तर दोन्ही घराणी पुन्हा वेगळी वागतात. बेरेटाचा चाप पुन्हा ओढला तर घोडा त्याच काडतुसावर दुसरा तडाखा देतो, आणि पहिल्या तडाख्यात नीट न बसलेला प्रायमर कधी कधी दुसऱ्यात पेटतो. ग्लॉकमध्ये स्ट्रायकर पुन्हा अडकवण्यासाठी स्लाइड ओढावीच लागते, त्यामुळे फुसके काडतूस बाहेर पडून नवे आत येते. शिकवणाऱ्यांपैकी पुष्कळांना हीच सवय सर्व पिस्तुलांसाठी योग्य वाटते. वारंवार बार न उडण्याचे कारण शोधताना काडतुसाच्या बुडावरची खोच पाहावी: ती उथळ असेल तर दोष बहुधा पिस्तुलाचा, चांगली खोल असूनही बार उडाला नसेल तर संशय प्रायमरवर. स्ट्रायकरच्या बोगद्यात तेल घातले की त्यात काजळी आणि धातूचा चुरा मिसळून चिकट लगदा होतो, हलक्या स्ट्रायकरचा वेग मरतो आणि खोच उथळ पडते. म्हणूनच ग्लॉकचा हा बोगदा कोरडा ठेवावा अशी सूचना असते. जड घोड्याला थोडी घाण पचते.

गोळी सुटल्यावर जमिनीवर पडलेल्या रिकाम्या पुंगळीवरही ही रचना उमटलेली असते. बहुतेक पिस्तुलांची पिन गोल टोकाची असल्याने प्रायमरवर गोल खोच पडते. ग्लॉकच्या जुन्या पिढ्यांतील स्ट्रायकरचे टोक मात्र लंबगोल आणि ते बाहेर येण्याची फट आयताकृती असते, त्यामुळे लंबगोल खोचेभोवती आयताची कड दिसते आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळेतल्या तज्ज्ञाला सूक्ष्मदर्शक लावण्यापूर्वीच पिस्तुलाच्या जातीचा अंदाज येतो.