थांबलेल्या ग्राहकाला पत्र

लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल ऑनलाइन विकणारा एक छोटा व्यवसाय समजा. एक ग्राहक साधारण दीड महिन्याने पाच लिटरचा डबा मागवायची. आता चार महिने झाले, तिची ऑर्डर नाही. दीड महिन्याचे दोन फेरे चुकले की ग्राहक थांबला असं धरावं. वर्षातून एकदा लोणच्यापुरतं तेल नेणाऱ्याला मात्र हा हिशेब लागू नाही.

अशा वेळी बहुतेक जण ‘तुमची आठवण येते, २० टक्के सूट घ्या’ असा ईमेल धाडतात. माझ्या मते ही घाई आहे. सूट संपली की ग्राहक पुन्हा गप्प होतो, आणि पुढच्या सवलतीची वाट पाहायला शिकतो. आधी ती का थांबली हे शोधावं. जुन्या तक्रारी चाळल्यावर दिसतं: डबा संपेपर्यंत तेलाला खवट वास येतो. मग विषयाच्या ओळीत तेवढंच लिहावं: ‘आता एक लिटरची बाटली, घाण्याची तारीख छापलेली’. आत चार ओळी, बाटलीचा फोटो, ऑर्डरचं एकच बटण आणि ‘ईमेल नकोत’ ही सहज दिसणारी सोय.

ईमेल किती जणांनी उघडला, या आकड्यावर विसंबू नका. २०२१पासून ॲपलचं मेल ॲप चित्रं आधीच उतरवून घेऊ शकतं, त्यामुळे न वाचलेला ईमेलही उघडलेला दिसतो. थांबलेल्यांपैकी काहींना मुद्दाम ईमेल पाठवू नका आणि दोन्ही गटांच्या ऑर्डरी ताडून पाहा.